काकू, आता पोळी नको. निघायला परवानगी द्या

काकू, तुमचा हात पुन्हा पोळ्यांच्या डब्याकडे वळलेला दिसतो आहे, म्हणून मी आधीच ताटावर हात आडवा धरतो. आता खरोखर एकही पुरणपोळी वाढू नका. काल पोळ्याला मला वर्ध्याहून येता आले नाही, म्हणून आज मारबतीच्या गर्दीतून वाट काढत पोहोचलेल्या माझ्यासाठी तुम्ही नव्याने पुरण शिजवलेत, हे मी पहिल्याच घासाला ओळखले. तीन पोळ्या झाल्या, त्याही आपल्याकडच्या, म्हणजे पारी नावापुरती आणि पुरण काठापर्यंत, शिवाय प्रत्येकीवर तुम्ही वाटीने तूप ओतलेत.

नाही हो, संकोच अजिबात नाही. संकोच असता तर कढी दुसऱ्यांदा मागून घेतली नसती, आणि परातीतली शेवटची सांबारवडी काकांच्या आधी उचलली नसती. पोट भरले आहे, आणि मन तर त्याच्याही आधी भरले.

अर्धी तरी घे, असेही म्हणू नका. तुमच्या घरी पानात अर्धी आली की तिच्यामागून दुसरी अर्धी येते, हे मी कॉलेजात असल्यापासून पाहत आलो आहे, आणि तुमच्या हातचे पानात टाकून उठणे मला कधीच जमायचे नाही. शपथ तर घालूच नका, काकू. तुमची शपथ मोडवणार नाही आणि पोळी खाववणार नाही.

रात्री गोळाभात करते, जेवूनच जा, असे तुम्ही म्हणता तेव्हा पाय निघत नाही. वरून लसणाचे कडकडीत तेल घालून तुम्ही तो भात वाढता, त्याची आठवण मला वर्ध्यातही येते. परंतु घरी आई एकटी आहे. मी पोहोचल्याशिवाय ती ताट वाढून घेत नाही, आणि तिची गोळी जेवणानंतरची असल्यामुळे मला उशीर झाला की तिचे सगळेच लांबते. फोन करून सांगितले तर ती हो म्हणेल, पण जेवणार नाही. तुम्ही तिला माझ्याइतकेच ओळखता.

त्यापेक्षा असे करा, माझ्या वाट्याची पोळी तिच्यासाठी बांधून द्या. दोनच द्या, तूप वेगळ्या डबीत द्या. तुमचे पुरण पाहिले की ती माझ्या उशिराबद्दल एक शब्द बोलणार नाही. कोजागिरीला मी तिलाच घेऊन येतो. त्या दिवशी आटवलेले दूध पिऊ, मुक्काम करू, आणि तुम्ही गोळाभात वाढत असताना मी ताटावर हात धरणार नाही.

काका, तुम्ही चपला घालू नका, कोपऱ्यावर ऑटो मिळेल. काकू, वाकून नमस्कार करतो. सुपारी मात्र द्या, ती घेतल्याशिवाय मी उठत नाही.