कोरेगावात घर बांधायला प्लॉट: थेट मालकाकडून, कागद आधी बघा

📍 कोरेगाव, जि. सातारा. रेल्वे स्टेशनपासून साधारण २ किलोमीटर
📐 २१६ चौ. मी. (१२ × १८ मीटर), म्हणजे सुमारे २,३२५ चौ. फूट. पूर्वेला ९ मीटरचा रस्ता
💰 २६ लाख ५० हजार. बैठकीत थोडं मागेपुढे होईल

हा प्लॉट आई-बाबांनी २०१२ साली नोंदणीकृत खरेदीखताने घेतला. इथे घर बांधायचं होतं, ते राहून गेलं. बाबा २०२१ मध्ये गेले. आई आता माझ्याकडे पुण्यात असते आणि भाऊ साताऱ्यात स्थायिक झालाय. प्लॉट नुसता पडून राहण्यापेक्षा ज्यांना खरंच घर बांधायचंय त्यांच्याकडे जावा, असं आम्हा तिघांनाही वाटतं.

मालकी: वारसनोंद झालेली आहे. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं आहेत आणि खरेदीखतावर सह्या करायला तिघंही हजर राहू. दुसरा कुणी वारस नाही. २०१२ ला बँकेचं कर्ज होतं, ते २०१८ मध्ये फिटलं. बोजा कमी केल्याचा फेरफार झालाय, बँकेचा दाखलाही फाइलमध्ये आहे. इतर हक्काचा रकाना आज कोरा आहे. वकिलांकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही दिली. मुदतीत एकही हरकत आली नाही. तरीही तुमच्या वकिलांकडून स्वतंत्र सर्च जरूर घ्या. गट नंबर आणि प्लॉट नंबर मेसेजमध्ये देते, महाभूमीवरून उतारा तुम्हीच काढा.

मंजुरी: बिनशेती आदेश जिल्हाधिकारी कार्यालयाचा. ले-आउट नगररचना विभागाने मंजूर केलेला, त्यात रस्ते आणि ओपन स्पेस दाखवलेत. प्लॉटचा सातबारा स्वतंत्र आहे. एका सातबाऱ्यावर वीस जणांची नावं असलेला गुंठेवारीचा तुकडा हा नाही. अकृषिक कर चालू वर्षापर्यंत भरलाय. बांधकाम परवाना मात्र काढलेला नाही, तो घेणाऱ्याने आपल्या नकाशाप्रमाणे नगरपंचायतीकडून काढायचा आहे. ही मालकाने केलेली एका प्लॉटची फेरविक्री आहे, नव्या स्कीमचं बुकिंग नाही, म्हणून इथे महारेरा क्रमांक दिसणार नाही.

मोजणीचं जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे वाद तिथेच होतात. गेल्या पावसाळ्यानंतर भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घेतली. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचं तारेचं कुंपण सुमारे एक फूट आपल्या हद्दीत आलेलं निघालं. मोजणीचा नकाशा दाखवला, बोलणं झालं आणि त्यांनी दोन दिवसांत स्वतःच खांब मागे घेतले. आता चारही कोपऱ्यांत दगड रोवलेत, वर लाल रंग दिलाय. ‘क’ प्रत फाइलमध्ये आहे. येताना टेप आणा आणि स्वतः मोजा.

तुम्ही येण्याआधी हेही माहीत असू द्या. शेवटचे १५० मीटर रस्ता मुरमाचा आहे, पावसाळ्यात चिखल होतो. मागच्या निम्म्या भागात काळी माती आहे, पाया खोल घ्यावा लागेल, इंजिनिअरला आधी दाखवा. कंपाउंड नाही. नळाची लाइन रस्त्यापर्यंत आलीय, कनेक्शन घ्यायचंय. विजेचा खांब समोरच्या बाजूला आहे. मागे बाबांनी लावलेली दोन आंब्याची झाडं आहेत. घराच्या नकाशात बसली तर ठेवा, एवढीच आईची इच्छा आहे. अट नाही.

पाच वर्षांत दर किती होईल ते आम्हाला माहीत नाही आणि तसा आकडा सांगून आम्हाला विकायचंही नाही. शेजारच्या प्लॉटांचे अलीकडचे व्यवहार दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू काढून पडताळा, मग आमची किंमत ठरवा.

🗓️ प्लॉट बघण्याचे दिवस
शनिवार १० आणि रविवार ११ जानेवारी २०२६, सकाळी १० ते १
शनिवार १७ आणि रविवार १८ जानेवारी २०२६, दुपारी ३.३० ते ५.३०

चारही दिवस भाऊ जागेवर असेल, मी दोन्ही रविवारी येणार आहे. मूळ कागदांची फाइल सोबत असेल, झेरॉक्सचा एक संच घरी न्यायला देऊ. आदल्या दिवशी मेसेजमध्ये नाव आणि यायची वेळ कळवा, म्हणजे लोकेशन पाठवता येईल. घरातली वडील मंडळी, वकील, इंजिनिअर, कुणालाही सोबत आणा.

बघण्याच्या दिवशी टोकन घेणार नाही. कागद तपासून झाल्यावर नोंदणीकृत साठेखत, त्याच वेळी बयाणा आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी. सगळं चेक किंवा आरटीजीएसने, रोख नाही. खरेदीखतावर पूर्ण रक्कमच लिहिली जाईल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घेणाऱ्याकडे, आमच्या वकिलांचा खर्च आमच्याकडे. मध्ये एजंट नाही, त्यामुळे कमिशनही नाही.

#कोरेगाव #सातारा #बिनशेतीप्लॉट #थेटमालकाकडून