ठेवींच्या व्याजावर टीडीएस न कापण्याबाबत

म्हापसा, ९ एप्रिल २०२५

मा. शाखा व्यवस्थापक,
म्हापसा शाखा

महोदय,

मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. आपल्या शाखेत माझ्या तीन मुदत ठेवी आहेत. २०२५-२६ मध्ये त्यांचे व्याज सुमारे १,३५,००० रुपये, म्हणजे ज्येष्ठांच्या एक लाखाच्या मर्यादेपलीकडे जाईल. पेन्शन ४,२०,००० धरूनही माझा कर शून्यच येतो. म्हणून सही केलेला फॉर्म १५एच सोबत जोडला आहे. जूनचे व्याज जमा होण्यापूर्वी त्याची नोंद तिन्ही ठेवींना करावी. एकच ठेव नोंदली गेली तर कापलेल्या रकमेच्या परताव्यासाठी मला विवरणपत्र भरून वाट पाहावी लागेल. पॅनची प्रत जोडली आहे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच द्यावी.

आपला विश्वासू,
वि. शं. नाईक