घरच्या घरी देखभाल: चेन, क्लच, स्पार्क प्लग आणि टायरमधील हवा

खालील मापे या १०० सीसी गाडीची आहेत. दुसऱ्या गाडीला ती लावू नका. काम सपाट जागेवर, इंजिन बंद व थंड असताना, गाडी डबल स्टँडवर लावून करा.

चेन

दर ५०० किमीला ढील तपासा. पावसाळ्यात किंवा मातीच्या रस्त्यावर रोजचे जाणे-येणे असेल तर त्याआधीच.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. चेनकव्हरवरील रबरी बूच काढा आणि दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करा. एकूण हालचाल २५ ते ३५ मिमी हवी. मागचे चाक हळूहळू हाताने फिरवत हे तीन-चार ठिकाणी बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वांत ताठ लागते तिथलेच माप धरा. सैल जागेवर माप घेऊन चेन ओढली, तर ताठ जागा आल्यावर चाकाच्या व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

ढील जास्त असेल तर:

१. मागच्या अ‍ॅक्सलचा नट सैल करा. पूर्ण काढू नका.
२. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर नट अर्धा-अर्धा फेरा, सारखेच आवळा.
३. स्विंगआर्मवरील खुणा डावीकडे व उजवीकडे जुळतात का ते बघा. एका खाचेचाही फरक राहिला तर चाक तिरके बसते, गाडी एका बाजूला ओढते आणि स्प्रॉकेटचे दात कडेने झिजतात.
४. अ‍ॅक्सल नट ५४ न्यूटन-मीटरला आवळा आणि ढील पुन्हा मोजा. नट आवळताना माप थोडे बदलतेच.
५. चाक मागे सरकल्याने मागच्या ब्रेकच्या पेडलची चालही बदलते. ती २० ते ३० मिमीवर आणा. ही पायरी हमखास विसरली जाते. मग ब्रेक घासत राहतो आणि दोष मायलेजला दिला जातो.

वंगणासाठी एसएई ९० गिअर ऑइल वापरा. आधी मऊ ब्रश व रॉकेलने चेन धुऊन कोरडी करा. तेल चेनच्या आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांत सोडा व जादा तेल पुसून घ्या. जळके इंजिन ऑइल लावू नका. त्यातील धातूचा चुरा रोलर घासतो.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा दिसला, तर चेन संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन पुढे धावते त्या दिशेला हवे.

क्लच

लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल १० ते २० मिमी ठेवा. कमी असेल तर क्लच घसरतो: चढावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि प्लेटा जळतात. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर खडखडतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही.

लिव्हरजवळचा लॉकनट सैल करून अ‍ॅडजस्टर बाहेर फिरवला की चाल कमी होते, आत फिरवला की वाढते. तिथले आटे संपत आले असतील तर तो आत घ्या आणि इंजिनजवळच्या नटाने जुळवा. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून चाल तीच राहते का ते बघा. केबलच्या तारा सुटलेल्या दिसल्या तर केबल लगेच बदला.

स्पार्क प्लग

कॅप धरून ओढा, वायर नाही. प्लगभोवतीची धूळ फुंकून मगच १६ मिमीच्या प्लग पान्याने तो काढा, नाहीतर कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो.

टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. आधी एअर फिल्टर बघा. ओले, तेलकट टोक म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ते सर्व्हिस सेंटरचे काम. पांढरे, भाजलेले टोक दिसले तर गाडी तशीच दामटू नका, इंजिन जास्त तापते आहे.

गॅप फीलर गेजने ०.८ ते ०.९ मिमी ठेवा. गॅप बदलताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड वाकवा.

प्लग आधी हातानेच पूर्ण बसवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. पहिल्या आट्यापासून पाना लावला आणि प्लग तिरका गेला, तर आटे कापले जातात. मग नवा प्लग अर्धा फेरा, जुना पाव फेऱ्याच्या आत आवळा. दर १२,००० किमीला नवा टाका.

टायरमधील हवा

पुढे: २५ पीएसआय
मागे, एकटे असताना: २८ पीएसआय
मागे, डबलसीट किंवा सामानासह: ३२ पीएसआय

हवा टायर थंड असतानाच मोजा, म्हणजे गाडी किमान ३ तास उभी असावी. धावून आलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. कमी हवेने कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा. पंपावरचे मीटर नेहमी बरोबर असतेच असे नाही, स्वतःचे छोटे गेज जवळ ठेवलेले बरे. व्हॉल्व्हची टोपी परत लावा.

टायरच्या खाचेतील झीज दाखवणारा उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला की टायर बदला.