अर्धी पोळी

गिरगावात वडापावच्या गाडीखाली माझी जागा ठरलेली. कानाचं टोक कापलेलं आहे, नसबंदीला नेलं होतं तेव्हाची खूण.

"कानाला काय झालं रे, काळ्या?" शाळेतून येताना ती चिमुरडी थांबली. मी कशाला सांगतोय! पण डब्यातली अर्धी पोळी पुढे आली आणि शेपटीने परस्पर मैत्री करून टाकली.

आता रोज तिला चाळीच्या जिन्यापर्यंत सोडतो. नाक्यावरच्या टोळीला मीच घाबरतो, पण ते तिला कशाला कळायला हवं?

काल धो-धो पाऊस. तिने छत्री माझ्यावर धरली. गॅलरीतून आई ओरडली, "अगं, दप्तर भिजतंय!"

आणि नेमकं तेव्हाच मला अंग झटकावंसं वाटलं.