आबाजी, डॉक्टरच्या चिठ्ठीत काय लिहिलं हाये ते

आबाजी, चिठ्ठीचा फोटो भेटला. एक नाव मले बी लागत नव्हतं म्हणून दवाखान्यात फोन लावून सिस्टरले विचारून घेतलं, आता सगळं पक्कं हाये. चष्मा लावा अन् चिठ्ठी समोर घेऊन वाचा.

नावापुढं तीन आकडे हायेत ते सकाळ, दुपार, रात. १-०-१ म्हंजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रातच्याले एक. जिथं आकडे नाहीत तिथं इंग्रजी अक्षरं हायेत, ओडी म्हंजे दिवसातून एकदा, बीडी म्हंजे दोनदा.

सकाळी उठल्यावर उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, तिच्यापुढं एसी लिहिलं हाये, म्हंजे खायच्या आधी. अर्ध्या तासानं चहा-भाकर खा, अन् भाकर पोटात गेल्यावरच साखरेची मेटफॉर्मिन अन् पायाच्या जखमेची ती मोठी लांबट गोळी. या दोन्ही बीडी, म्हणून रातच्या जेवणावर परत एक-एक. पीसी म्हंजे जेवणानंतर. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ओडी, ती रोज सकाळीच घेजा.

जखमेच्या गोळीपुढं फुलीसारखी खूण अन् ५ हाये ना, ते पाच दिवस. काटा रुतलेली जागा दोन दिवसात बरी दिसली तरी गोळ्या पूर्ण करा, तुमाले शुगर हाये, तिथं जखम चिघळायले वेळ लागत नाही. हे पाच दिवस फक्त त्याच गोळीचे, बीपी अन् साखरेच्या चालूच राह्यतीन. ही गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या तर पुढची घेऊ नोका अन् मले फोन करा, अन् श्वास लागला तर आधी १०८ ले.

पॅरासिटामॉल ६५० पुढं एसओएस हाये, म्हंजे दुखलं किंवा ताप आला तरच. दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी सहा तास जाऊ द्या. मलमापुढं एल/ए हाये, ते वरून लावाचं.

आता खरी काळजीची गोष्ट. कपाटात साखरेचं जुनं पाकीट हाये ना, ते आणि हे नवीन, कंपनीचं नाव अलग पण आतलं औषध एकच निघू शकते. दोन्ही घेतल्या तर डबल डोस होते. बारीक अक्षरात मेटफॉर्मिन दिसलं की जुनं पाकीट बाजूले ठेवा, अन् वाचता नाही आलं तर त्यातली एक बी गोळी घेऊ नोका, आधी मले फोटो पाठवा. आणि एखादी गोळी राहून गेली तर पुढच्या वेळेले दोन घेऊ नोका, नेहमीसारखी एकच.

संध्याकाळी शेतातून आले की व्हिडिओ कॉल करते, सगळी पाकिटं खाटेवर मांडून ठेवजा. मी एकेक पाहून सांगते, तुम्ही त्याच्यावर पेनानं सकाळ, रात लिहून घ्या.