कारणे दाखवा नोटिशीला खुलासा: परसात आमसुलं वाळत होती म्हणून लावलेल्या 25,000 रुपये दंडाबाबत

दि. 28 ऑगस्ट 2024

प्रति,
मा. पदनिर्देशित अधिकारी साहेब, अन्न सुरक्षा विभाग

विषय: आपली दि. 20 ऑगस्ट 2024 ची नोटीस

साहेब, सप्रेम नमस्कार. तुमची नोटीस मला 24 तारखेला शनिवारी पोस्टाने मिळाली, सात दिवसांत खुलासा द्या असं त्यात लिहिलंय म्हणून हा मुदतीतच देतोय. माझं बाजारपेठेत कोकम, काजू, आंबापोळी, कुळथाचं पीठ असं छोटं दुकान आहे, उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या बरीच आत, त्यामुळे लायसन नाही तर रजिस्ट्रेशन आहे आणि ते किरकोळ विक्रीचं आहे, चालू आहे.

नोटिशीत म्हटलंय की 12 ऑगस्टच्या तपासणीत दुकानामागच्या परसात ताडपत्रीवर 14 किलो आमसुलं वाळत घातलेली सापडली, म्हणजे मी विक्रीच्या रजिस्ट्रेशनवर उत्पादन करतो. आमसुलं होती, ते मी कुठे नाकारतोय? पण ती मी केलेली नाहीत.

आता साहेब, आपण कोकणातली माणसं, हे तुम्हालाही माहीत असणार. रातांबे पिकतात एप्रिल-मे मध्ये, फार तर पाऊस पडेपर्यंत, एकदा पाऊस लागला की फळ झाडाखाली कुजून जातं. ऑगस्टमध्ये सोलं घालायला मी रातांबे आणणार कुठून? आणि सोलं घालायची म्हणजे फळ फोडायचं, बिया नि गर काढायचा, साल मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं पुन्हा पुन्हा करावं लागतं, त्याला कडक ऊन लागतं, श्रावणातल्या उघडिपीचं काम नव्हे ते. ज्याच्याकडे सोलं घालतात त्याच्याकडे भांड्यात रस दिसतो, मीठ दिसतं, बियांचा ढीग दिसतो, त्या बिया भिरंडेलासाठी ठेवतात, कोणी फेकून देत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना यातलं काही दिसलं का? नोटिशीत तरी एका शब्दाने उल्लेख नाही, फक्त ताडपत्री आणि आमसुलं.

खरी गोष्ट एवढीच की जुलैच्या पावसात पोत्यातला माल सादळला. आमसुलात मीठ असतं, दमट हवेत ते पाणी ओढतं, बोटाला चिकटायला लागतं, तसंच ठेवलं तर बुरशी येते. म्हणून पाऊस उघडला की आम्ही माल बाहेर काढून ऊन दाखवतो, इथला प्रत्येक दुकानदार दाखवतो, घरात बायका डाळ-तांदळाला दाखवतात तसंच. हे उत्पादन असेल तर मग साठवण कशाला म्हणायचं? उलट मी ते केलं नसतं आणि बुरशी आलेला माल गिऱ्हाइकाला दिला असता तर ती नोटीस मी मुकाट घेतली असती.

माल मी गावातल्या बचत गटाकडून मे महिन्यात घेतला, 6 आणि 21 मे ची दोन बिलं आहेत, मिळून 180 किलो. त्या बायकांचं स्वतःचं रजिस्ट्रेशन आहे, त्याची झेरॉक्स जोडलीय. दुकानात पोत्यातून काढून वजन करून सुटं देतो, पाकिटं भरून वर माझं लेबल वगैरे काही नाही.

दुसरा मुद्दा, रजिस्ट्रेशन दर्शनी भागात लावलेलं नाही म्हणे. लॅमिनेट केलेला कागद गल्ल्याच्या वरच्या खांबाला आहे, दुकानात शिरल्यावर समोरच दिसतो. त्या दिवशीचा मोबाईलवरचा फोटो आहे, तारीख-वेळेसकट, प्रिंट जोडलीय. तपासणी करणारे साहेब थेट मागच्या दाराने परसात गेले, खांबाकडे बघितलंच नाही, याला मी काय करणार.

आणि दंडाबद्दल. एकीकडे विचारलंय कारण दाखवा, आणि त्याच कागदात खाली लिहिलंय 25,000 रुपये भरा. म्हणजे माझं ऐकायच्या आधीच ठरलं का? अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 68 प्रमाणे दंड ठरवायचं काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं, तेही माझं म्हणणं मांडायची संधी देऊन, आणि कलम 49 मध्ये फायदा किती झाला, कोणाचं नुकसान किती झालं, चूक वारंवार होते का हे बघायला सांगितलंय. माझ्यावर याआधी एकही नोटीस नाही, कोणाची तक्रार नाही. काही सुधारायचंच होतं तर कलम 32 ची सुधारणा नोटीस देता आली असती. शिवाय नेमकं कुठलं कलम मोडलं तेही लिहिलेलं नाही, पंचनाम्याची प्रत दिली नाही, नमुनासुद्धा घेतला नाही, मग मी उत्तर नक्की कशाला देऊ तेच कळत नाही.

तरी विनंती अशी की नोटीस मागे घ्यावी आणि दंडाची मागणी रद्द करावी. ते जमत नसेल तर पंचनामा आणि काढलेल्या फोटोंच्या प्रती द्याव्यात आणि समक्ष सुनावणी ठेवावी, बचत गटाच्या अध्यक्षांना मी बरोबर आणतो. फक्त 7 सप्टेंबरला गणपती आहेत, आमचा वर्षाचा धंदा त्याच आठवड्यात होतो आणि घरातही गणपती असतो, तेव्हा तारीख विसर्जनानंतरची द्यावी. तोपर्यंत दंड वसुलीची किंवा रजिस्ट्रेशन थांबवायची कारवाई करू नये.

सोबत रजिस्ट्रेशनची प्रत, दोन्ही बिलं, बचत गटाच्या रजिस्ट्रेशनची झेरॉक्स आणि खांबाच्या फोटोची प्रिंट जोडली आहे. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का मारून द्यावा.

आपला विश्वासू,
सही/-
रजिस्ट्रेशनधारक, कोकम-काजू दुकान, बाजारपेठ