मुक्ताच्या बारशाला, नलूमावशीकडून

भुसावळ, शुक्रवार

चि. गौरी आणि चि. समीरराव यांना अनेक उत्तम आशीर्वाद. आणि पाळण्यातल्या राणीला तर आशीर्वादांची ओंजळच.

गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही, त्यामुळे रविवारी मला पुण्याला येता येणार नाही. जीव तुमच्याकडेच लागलाय. म्हणून हे पत्र गोधडीबरोबर सुधीरच्या हाती पाठवतेय. हाती पडल्यावर आधी तुम्ही वाचा, आणि नाव ठेवून झालं की पाळण्याजवळ ताईनं ते पुन्हा मोठ्यानं वाचावं.

गौरी, गोधडीचा अंजिरी भाग हाताला लागला की ओळखशील. ते तुझ्या आजीचं लुगडं आहे. आई ते सणालाच नेसायची, शेवटी शेवटी धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालं होतं. काठ विरले होते तेवढे काढले आणि बाकीच्याला बारीक धावदोरा घातला. उजवीकडच्या कोपऱ्यात टाके थोडे वाकडे आलेत, ते दवाखान्यातून आल्यावर पडल्या पडल्या घातलेले. तेही तसेच राहू दिले. आईला पणती बघायची फार हौस होती. आता तिच्या लुगड्याच्या उबेत ही निजेल.

तू फोनवर म्हणालीस, "मावशी, मुक्ता ठेवतोय," आणि मला एकदम ती मे महिन्याची सुट्टी आठवली. आपण कोथळीला मुक्ताईच्या देवळात गेलो होतो. तिथून पुढे चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर. तू आठ-नऊ वर्षांची असशील. पाण्यात पाय सोडून बसलीस आणि विचारलंस, "एवढा म्हातारा योगी एवढ्याशा मुलीला गुरू कसं मानतो?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण तुझा तो प्रश्न इतकी वर्षं तुझ्या मनात राहिला असणार, त्याशिवाय हे नाव सुचलं नसतं.

समीरराव, आमच्या खानदेशात मुक्ताईला सगळे घरच्या लेकीसारखं मानतात. चार भावंडांत ती सगळ्यात धाकटी. आईबाप लहानपणीच गेले, गावानं वाळीत टाकलं. लोकांचं बोलणं जिव्हारी लागून ज्ञानदेव दार लावून बसले, तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांना समजावलं ते या धाकट्या बहिणीनं. ताटीचे अभंग त्यातूनच आले. त्यांतली माया तर मोठीच, पण मला जास्त भावतं ते हे की भावानं तिचं ऐकलं. वयानं लहान, त्यात मुलगी, तरी तिच्या शब्दाला त्या घरात किंमत होती.

तुम्ही पुण्यात राहता म्हणून आणखी एका मुक्ताची आठवण करून देते. मुक्ता साळवे. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. 1855 साली, चौदाएक वर्षांची असताना, तिनं आपल्या मांग-महार समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. मी शाळेत शिकवत होते तेव्हा दर वर्षी वर्गात त्या पोरीची गोष्ट सांगायचे. मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करून ऐकायच्या.

म्हणून तुमच्या लेकीच्या नावाला माझा आशीर्वाद असा:

मुक्ता म्हणजे मोती, तसं तिचं पाणी कधी उतरू नये. मुक्ता म्हणजे मोकळी, तसं तिला मोकळं हसता यावं, मोकळं रडता यावं, आणि नको असेल तिथे मोकळेपणानं "नको" म्हणता यावं. तिला मुक्ताईची माया आणि मुक्ता साळवेची लेखणी लाभो. आणि ती बोलेल तेव्हा ऐकणारं घर तिला लाभो. हा शेवटचा आशीर्वाद तिच्याइतकाच तुम्हा दोघांना आहे.

आता थोडं मावशीपणाचं. अदिती, आत्याचा मान तुझा. कानात कुर्र करताना हळू गं, नाहीतर पोरगी दचकायची. पाठीवर धपाटे बसतील ते मात्र हसत सोस, माझ्या वाटचा एक ताई घालेल. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणताना गोप्याला नीट धरा, आमच्याकडचा वरवंटा जड असतो. हरभरे आदल्या रात्री भिजत घाला, घुगऱ्या पोटभर करा, शेजारच्या मुलांना ओंजळीनं द्या. गौरी, तू फार वेळ उभी राहू नकोस. ओटी भरून झाली की गपचूप आडवी हो, पाहुण्यांचं समीरराव बघतील.

पिशवीत चांदीचे वाळे आहेत. त्यांचे घुंगरू मी सोनाराकडून घट्ट करून घेतलेत, तरी रात्री निजवताना काढून ठेवा. दृष्टमणी ताईकडे दिलाय. तीट लावल्यावर एक फोटो काढा आणि लगेच पाठवा, मी फोन उशाशी घेऊनच बसणार आहे.

मुक्ते, बाळे, औक्षवंत हो. पाय बरा झाला की पहिल्या गाडीनं तुला बघायला येते.

तुमची,
नलूमावशी